शंभरचं भिंग

भिंग फोडल्याचा आळ माझ्यावर आला, तेव्हा मी शाळेतला तात्पुरता शिक्षक होतो. ज्यांनी तो आळ घातला त्यांच्या पाया पडूनच त्या सकाळी मी प्रयोगशाळेत शिरलो होतो. आता ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, जाऊ द्या हो, माणूस गेलं, त्याच्याबरोबर सगळं गेलं. मी जाऊ देणाऱ्यातला नाही. आमच्या घरात मला लहानपणापासून तिरकं डोकं म्हणतात, आणि ते खोटं नाही.

पुण्याहून बी. एस्सी. होऊन मी सोलापूरला परत आलो, तो वडिलांच्या मनाविरुद्ध. आमचं भुसाराचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक विणकर असलं तर मोडकंतोडकं तेलुगू, असा आमचा कारभार. अप्पांना गादीवर बसणारा मुलगा हवा होता. मी मात्र ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, तेही उन्हाळ्यापर्यंतच्या बोलीवर. अप्पा रोज जेवताना विचारायचे, "उन्हाळ्यानंतर काय करनार हाय?" मी ताटातली भाकरी मोडत राहायचो.

शाळेत जायचं एकच कारण होतं, ते म्हणजे सर. आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक म्हटलं की तेच. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम खडू लागलेला. त्यांनी मला बघायला शिकवलं, असंच मी म्हणेन. तापमापकातला पारा वाचताना डोळा त्याच्याच पातळीवर हवा, हे त्यांनी माझी मान धरून शिकवलं. कुणी उत्तर देताना "साधारण" म्हणालं की ते म्हणायचे, "साधारण भाजीत मीठ घालतात. इथे आकडा सांग." आणि एक शिकवण तर त्यांनी आमच्या हाडीमाशी रुजवली होती. पाहिजे तो आकडा आला की लगेच खूश व्हायचं नाही, आणि नको तो आकडा पुन्हा पुन्हा आला तर त्याच्यापुढे मान वाकवायची. पुण्याला मोठमोठे प्राध्यापक पाहिले, पण प्रयोगाच्या टेबलापाशी उभा राहिलो की कानात आवाज यायचा तो सरांचा.

त्या वर्षी संचालक मंडळींच्या डोक्यात इंटर सायन्सचा वर्ग काढायचं घुसलं होतं. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. ज्याच्या घरी ऐपत त्याचा मुलगा पुण्याला जायचा, बाकीचे गिरणीत किंवा दुकानात. वर्ग निघायचा तर आधी प्रयोगशाळा पसंत पडायला हवी, आणि ती बघायला पुण्याहून एक प्राध्यापक येणार होते. वर्ग निघाला तर मी कायमचा, नाहीतर उन्हाळ्यात गादीवर. हे सरांनीच मला सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "मंडळी मला विचारतील. मी तुझंच नाव सांगणार." मी त्या दिवशी घरी जाताना वाटेत दोनदा सायकलवरून उतरलो, उगाचच, हसू आवरायला.

प्राध्यापकांना दाखवायचे प्रयोग सरांनी वाटून घेतले आणि प्रकाशाचा एक माझ्याकडे दिला. एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं अगदी किंचित फुगीर असं भिंग घ्यायचं. त्याची फुगीर बाजू सपाट काचेवर टेकवायची. दोघांच्या मध्ये हवेचा जो पातळ थर राहतो, तो टेकलेल्या जागी नसल्यासारखाच असतो आणि कडेकडे जाडावत जातो. वरून एका रंगाचा उजेड सोडला की त्या थरामुळे काळ्या आणि उजळ कड्या दिसतात. मधोमध काळा ठिपका, त्याच्याभोवती कडी, तिच्याभोवती कडी, आणि बाहेर जावं तशा त्या दाटीवाटीनं उभ्या. कड्यांचे व्यास मोजले की भिंगाचा फुगवटा केवढ्या गोलाचा तुकडा आहे ते कळतं. त्या गोलाची त्रिज्या काढायची, एवढाच प्रयोग.

एका रंगाचा उजेड म्हणजे मिठाचा पिवळा. आमच्याकडे गॅस नव्हता. मी स्टो पेटवायचो आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली अस्बेस्टॉसची पट्टी त्याच्या ज्योतीत धरायचो. स्टो मात्र वेगळ्या स्टुलावर, कारण तो टेबलावर ठेवला की टेबल थरथरायचं आणि कड्या नाचायच्या. तो उजेड भिंगाच्या वर तिरप्या धरलेल्या काचेवर पडायचा, तिथून खाली भिंगावर, आणि कड्या दिसायच्या वरच्या मायक्रोस्कोपातून. हा ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप शाळेचा अभिमान होता. स्क्रू फिरवला की तो पट्टीवरून आडवा सरकायचा, आणि किती सरकला ते व्हर्निअरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता यायचं. खोलीत अंधार करायला मी दुकानातली ज्वारीची पोती आणून खिडक्यांना लावली. त्यांतला भुसा दोन दिवस काचांवर पडत होता. सरांनी मला त्यावरून बरंच छेडलं. म्हणाले, तुझ्या कड्यांत ज्वारी उगवेल.

भिंग निळ्या मखमलीच्या पेटीत होतं. पेटीच्या झाकणावर आतून त्रिज्या लिहिलेली होती, शंभर सेंटिमीटर. परदेशातून आलेली पेटी होती. तिच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

पहिल्या दिवशी माझं उत्तर शहाऐंशी आलं.

मी हिशेब तपासला. चूक नव्हती. पुन्हा कड्या मोजल्या. डावीकडच्या विसाव्या कडीवर मायक्रोस्कोपातल्या आडव्या-उभ्या तारांतली उभी तार टेकवायची, मग एकोणिसावी, अठरावी, असं करत मधला ठिपका ओलांडून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत जायचं. स्क्रू मात्र एकाच दिशेनं फिरवायचा. आट्यात थोडी ढिलाई असते. कडी चुकून मागे गेली म्हणून स्क्रू उलटा फिरवला, तर हात फिरतो पण मायक्रोस्कोप जागचा हलत नाही, आणि वाचन फसवं येतं. चुकलं की पार सुरुवातीला जायचं. मी दोनदा सुरुवातीला गेलो. उत्तर शहाऐंशीच.

सरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "भिंग नीट पुसलंस का? मध्ये धूळ असेल."

धूळ असली तर भिंग किंचित उचललं जातं, मधला ठिपका काळा राहत नाही, आणि कितवी कडी ते सांगता येत नाही. पण आपण एका कडीच्या व्यासाच्या वर्गातून दुसरीच्या व्यासाचा वर्ग वजा करतो. धुळीनं दोन्ही कड्यांचे आकडे सारखेच सरकतात, आणि वजाबाकीत ती भानगड निघून जाते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तरी मी मुकाट्यानं मलमलीनं भिंग पुसलं आणि पुन्हा मोजलं. काही फरक पडला नाही.

मग ते म्हणाले, हात बसलेला नाही. मी हात बसवला. मग म्हणाले, डोळे दमत असतील, सकाळी मोजून बघ. मी सकाळी, गिरणीचा भोंगा व्हायच्या सुमाराला, शाळेच्या शिपायाला उठवून दार उघडायला लावायला लागलो. शिपाई वैतागला. "तात्या, त्या काचंत काय देव बसलाय व्हय?" म्हणाला. माझं वय त्याच्या मुलाएवढं, पण रागावला की तो मला तात्या म्हणायचा.

रोज शहाऐंशी यायचं. कधी साडेपंच्याऐंशी, कधी साडेशहाऐंशी, पण शंभरच्या आसपाससुद्धा नाही. मला वेड लागायची पाळी आली. वर्गात फळ्यावर काही मोजायला घेतलं की वाटायचं, हेही चुकलंय. दुकानात तागडीचा काटा बघितला तरी शंका यायची की मला तिरकं दिसतंय. पुण्याच्या परीक्षेत पास झालो ते चुकून झालो असेन, असंही एक दिवस मनात आलं. अप्पांनी माझ्याकडं बघून विचारलं, "कड्या मोजून पोट भरतंय व्हय रं?" मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांच्यावर मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो.

शेवटी सरांनी आणखी एक शंका काढली. म्हणाले, तुझी तार कड्यांच्या मध्यावरून जात नसेल. तू व्यास मोजत नाहीस, जीवा मोजतोस. मध्य सोडून गेलं की जीवा लहान येते, म्हणून उत्तरही लहान येतंय. ऐकलं आणि जिवात जीव आला. हेच असणार. पण दुकानात पोत्याला टेकून बसलो असताना काटकोन त्रिकोणाची आकृती डोळ्यांपुढे आली. मध्यापासून तार जितकी बाजूला असेल, तितका सगळ्याच कड्यांच्या वर्गांतून एकच आकडा कमी होतो. वजाबाकी केली की तो उडतो. जीवा मोजली तरी उत्तर तेच यायला हवं. मी मुद्दाम तार बाजूला ठेवून मोजून पाहिलं. शहाऐंशी.

इतकं सुंदर काही मी त्याआधी स्वतःच्या डोक्यानं काढलं नव्हतं. धावत सरांकडे गेलो आणि खडूनं जमिनीवरच आकृती काढून दाखवली. सरांनी ती बराच वेळ पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एरवी अशा गोष्टीला ते वर्ग सोडून सगळ्यांना बोलावून दाखवणारे. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि पायानं आकृती पुसली. मला वाटलं, कामात आहेत. मी तेव्हा किती भाबडा होतो, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो.

मी म्हटलं, स्फेरोमीटर लावून बघू का? तीन पायांचं ते यंत्र भिंगावर ठेवायचं, मधला स्क्रू भिंगाला टेकवायचा, की फुगवटा किती ते ढोबळमानानं कळतं. एवढ्या उथळ भिंगाला ते बारीक उत्तर देत नाही, पण शंभर की शहाऐंशी एवढं सांगायला पुरे. सरांनी साफ नाही म्हटलं. पायांनी भिंगावर ओरखडे पडतील, पाहुणे यायच्या आधी भिंग खराब करायचं नाही. यात खोटं काही नव्हतं. ओरखडे पडतातच.

प्राध्यापक आले त्या सकाळी मी सरांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला. प्राध्यापक ठेंगणे, घामाघूम झालेले, बोलायला मऊ. मंडळींपैकी दोघे त्यांच्या मागोमाग पगड्या सावरत हिंडत होते. माझ्या टेबलाशी ते बराच वेळ थांबले. स्वतः मायक्रोस्कोपाला डोळा लावला, कड्या मोजल्या, मला वाचनं घ्यायला लावली. मी स्क्रू एकाच दिशेनं फिरवतोय हे त्यांनी पाहिलं, तेव्हा मान डोलावली. हिशेब केला. शहाऐंशी.

त्यांनी पेटी उघडली आणि शंभर वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "माझं उत्तर नेहमी हेच येतं. चूक कुठे आहे, मला सापडत नाही."

प्राध्यापक म्हणाले, स्फेरोमीटर आणा. मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीवरच्या पोत्याकडे बघत होते. मी स्फेरोमीटर आणला. प्राध्यापकांनी तो आधी सपाट काचेवर ठेवून शून्य पाहिलं, मग भिंगावर ठेवला. हिशेब केला, पुन्हा ठेवला, पुन्हा हिशेब केला, आणि म्हणाले, "यांचं मोजणं बरोबर आहे. भिंग शंभरचं नाहीच. पंच्याऐंशी ते नव्वदमधलं आहे."

त्या क्षणाची गोडी मी लपवणार नाही. मला रडू येणार होतं. मी वेडा नव्हतो. माझे डोळे धड होते. मी सरांकडे वळलो, कारण ही बातमी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर वाटून घ्यायची होती.

मंडळींपैकी एकानं विचारलं, "मग पेटीतलं भिंग गेलं कुठं?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कपाटाची किल्ली यंदा यांच्याकडे असते. हाताळताना फुटलं असेल, आणि दुसरं आणून ठेवलं असेल. तरुण माणूस, घाबरला असेल."

इतकं शांतपणे म्हणाले. जणू माझ्यासाठी रदबदली करताहेत.

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही, हे लोक आजही विचारतात. मला खरंच वाटलं की सरांची गफलत होतेय, आणि चारचौघांत त्यांना खोटं पाडायचं नाही, नंतर एकट्यात सांगू. प्राध्यापकांनी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघितलं आणि भिंग पेटीत ठेवलं. त्यांना काय कळलं, देव जाणे. ते पुढच्या टेबलाकडे गेले.

उन्हाळा लागला तसा मला शाळेतून निरोप मिळाला. कारण तोंडी सांगितलं, कागदावर नाही. इंटरचा वर्ग काही निघाला नाही, त्यानंतरही बरीच वर्षं निघाला नाही, म्हणजे माझा बळी दिला तोही फुकट गेला. अप्पांनी एक शब्द विचारला नाही. गादीवरची उशी सरकवून जागा करून दिली, बस्स. गावात मात्र बातमी पसरायला वेळ लागत नाही. आमच्या दुकानात ज्वारी घ्यायला येणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "तुमीच का ते, काच फोडल्याली?"

सर एक दिवस दुकानात आले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांनी त्यांना तक्या दिला आणि आत निघून गेले. सर तक्याला न टेकताच बसले. मग म्हणाले, की आदल्या हिवाळ्यात भिंगावर स्टोची काजळी बसली होती, ती काढायला त्यांनी भिंग सोड्याच्या गरम पाण्यात टाकलं आणि घाईत वर गार पाणी ओतलं. भिंग तडकलं. काच तापवून गार पाणी ओतायचं नाही, हे ज्यानं तीस वर्षं पोरांना सांगितलं, त्याच्याच हातून. मंडळींना सांगायची लाज वाटली. मुंबईहून दिसायला तसंच एक मागवलं आणि पेटीत ठेवलं.

"मग ते शहाऐंशीचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आलं त्याच दिवशी मोजलं होतं. शहाऐंशीच आलं."

माझं डोकं फिरलं. आळ घातला ते एक. पण मी रोज पहाटे उठून काच पुसत होतो, हात बसवत होतो, स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत होतो, आणि या माणसाला पहिल्या दिवसापासून उत्तर ठाऊक होतं. माझी आकृती त्यांनी पायानं पुसली ती का, तेही आता कळलं. मी म्हटलं, "तर मग मला पुन्हा पुन्हा का मोजायला लावलंत? धूळ काय, जीवा काय! मला आधीच सांगितलं असतंत, तर मी जीव गेला तरी तोंड उघडलं नसतं."

ते खरं होतं. मी गप्प राहिलो असतो. त्यांनी फक्त मागायला हवं होतं.

सर म्हणाले, "तुला सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं, चार दिवसांत कंटाळशील आणि शंभर आणशील. पेटीवर उत्तर लिहिलेलं असलं की सगळी पोरं आणतात. माझ्या पाहण्यात एकही असा नाही, ज्यानं आणलं नाही."

"तुम्ही मला तसं शिकवलं नव्हतंत," मी म्हटलं.

त्यांनी कोटाच्या बाहीवरचा खडू झटकला आणि उठून उभे राहिले.

"तेच माझं चुकलं," ते म्हणाले.

मी त्यांना नमस्कार केला नाही. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, आमच्याच गावात, आणि समोरून आले की मी रस्ता बदलायचो. फोडल्याचा आळ मी केव्हाच माफ केला आहे, घाबरलेला माणूस काहीही बोलतो. पण आयुष्यात मला एकच गोष्ट धड येत होती आणि ती त्यांनी दिली होती, आणि त्या दुपारी आमच्या दुकानात उभं राहून ती दिल्याचाच त्यांना पश्चात्ताप झाला. हे मला माफ करता आलं नाही, आणि आता करायचंही नाही.